काडी कोरी निघाली आणि ब्राउनीचा केक झाला: ओटीजीचं तापमान आणि टूथपिकचा घोळ

दादरला घरून ब्राउनीच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे आठवड्यातून एक तरी फोन याच तक्रारीचा येतो. कधी शेजारच्या वहिनींचा, कधी नणंदेच्या मैत्रिणीचा. शब्द वेगळे असतात, बिघाड बहुतेक वेळा एकच असतो. तुमची ब्राउनी खालीलपैकी कशात बसते ते आधी बघा.

पहिली तऱ्हा: कडा कडक, बोटभर रुंदीची कोरडी चौकट, आणि मधोमध गिच्च. दुसरी: टूथपिक अगदी कोरी निघाली म्हणून समाधानाने बाहेर काढली, गार झाल्यावर कापली तर चॉकलेट केक, तोही भुसभुशीत. तिसरी: टूथपिक दर वेळी ओलीच येते, पाच-पाच मिनिटं वाढवत चाळीस मिनिटांवर गेलात आणि तरी ओलीच. चौथी, खास आपल्याकडची: ब्राउनी ठीक भाजली होती, पण ओट्यावर तीन तास ठेवूनही मऊ चिखल, म्हणून "कच्ची राहिली" असं ठरवून परत ओव्हनमध्ये घातली.

चौघींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. टूथपिक ओल सांगते, शिजलंय की नाही ते सांगत नाही. स्पंज केकमध्ये मैदा भरपूर असतो. तो शिजला की पाणी धरून ठेवतो, आणि म्हणून काडी कोरी येणं आणि केक शिजणं एकाच वेळी घडतं. फजी ब्राउनीत मैदा जेमतेम असतो आणि साखर, लोणी, चॉकलेट खूप. गरम असताना लोणी आणि चॉकलेट तेलासारखी पातळ असतात, त्यामुळे नीट शिजलेल्या ब्राउनीतूनही काडी माखूनच बाहेर येते. ती कोरी येईपर्यंत थांबायचं म्हणजे मधला भाग ९५ अंशांच्या पुढे न्यायचा. मला फजी ब्राउनी ८३ ते ८७ अंशांच्या दरम्यान हवी असते. अंड्याच्या पदार्थांसाठी सुरक्षित मानलं जाणारं तापमान ७१ अंश आहे, त्यामुळे ८५ ला काढलेली ब्राउनी ओलसर असली तरी कच्ची नसते.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी, खर्चाच्या नंतर.

आधी फ्रीज

ब्राउनी "कच्ची" वाटली तर पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. टिन जाळीवर ठेवून दोन तास गार होऊ द्या, मग तासभर फ्रीजमध्ये, आणि त्यानंतर मधोमध कापा. कोकोआ बटर साधारण ३४ अंशांच्या आसपास वितळतं, साधं लोणीही जवळपास तिथेच. मे महिन्यात आपल्या स्वयंपाकघरात दुपारी ३२-३३ अंश असतात. म्हणजे पुस्तकात "खोलीच्या तापमानाला गार करा" लिहिलेलं असतं ती खोली मुंबईतली नव्हेच. इथे ब्राउनीतली चरबी गोठतच नाही, आणि शिजलेली ब्राउनी बोटाला चिखलासारखी लागते.

फ्रीजमधून काढल्यावर कापलेली बाजू नीट बघा. घट्ट, एकसंध, सुरीला किंचित चिकटणारी आणि वरपासून खालपर्यंत एकाच रंगाची असेल तर ब्राउनी शिजलेली आहे आणि तुमची तक्रार हवामानाविरुद्ध आहे. मध्ये तुकतुकीत, गडद, खिरीसारखा पट्टा दिसला, जो गार होऊनही ओघळतो, तर मात्र ती खरंच कच्ची. अशी थंड झालेली ब्राउनी परत भाजायला ठेवू नका. मधला भाग पुन्हा तापेपर्यंत कडांची खारी होते. परत घालायचीच असेल तर बाहेर काढल्यापासून दहा मिनिटांच्या आत.

काडी वाचायला शिका

काडी फेकायला मी सांगत नाही, फक्त ती वाचायची पद्धत बदला. कडेपासून दोन इंच आत एकदा आणि बरोबर मधोमध एकदा, अशी दोन ठिकाणी घाला. चॉकलेटचे तुकडे घातले असतील तर तिसरी जागाही बघा, कारण वितळलेल्या तुकड्यातून गेलेली काडी शंभर टक्के ओली येणार.

मग काडीवर जे आलंय ते बोटांत चोळा. हे एवढंसं काम कोणी करत नाही. वितळलेलं चॉकलेट गुळगुळीत पसरतं आणि बोटावर तेलकट चकाकी सोडतं. कच्चं मिश्रण पातळ असतं, चिकटतं, आणि बोटं लांब केली की त्याची बारीक तार येते. शिजलेल्या ब्राउनीचे ओलसर कण असतात, मळलेल्या कणकेच्या चुऱ्यासारखे. चोळले की त्यांची छोटी गोळी होते. कडेच्या काडीवर दोन-चार कण आणि मधल्या काडीवर गोळी होईल असा जाड, मळकट लेप, हे मिळालं की काढा. मधली काडी तकतकीत आणि तार सुटणारी असेल तर अजून चार मिनिटं. दोन्ही कोऱ्या असतील तर उशीर झालाय; पुढच्या वेळी पाच मिनिटं आधी बघायला लागा.

काडीच्या जोडीला टिनला हलका धक्का देऊन बघा. कच्ची ब्राउनी वरच्या पापुद्र्याखाली ताकासारखी हिंदकळते. झालेली मध्यभागी खरवसासारखी थरथरते, म्हणजे पूर्ण तुकडा एकत्र हलतो, लाट उठत नाही. वरचा चकाकता, भेगाळलेला पापुद्रा बघून निर्णय घेऊ नका. तो साखरेचा असतो आणि आतलं सगळं कच्चं असतानाच तयार होतो.

एक अपवाद. बिनअंड्याच्या, कन्डेन्स्ड मिल्कच्या ब्राउनीत काडी शेवटपर्यंत चिकटच येते, आणि तिला धरून ठेवायला अंडंही नसतं, सगळा भार मैद्यावर. ती मी थोडी जास्त भाजते आणि काडीपेक्षा थरथरण्यावर विसंबते.

टिन

कृतीत ८ इंची चौकोनी टिन आहे आणि तुमच्याकडे ७ इंची आहे म्हणून तुम्ही तेच मिश्रण त्यात ओतलंत, तर क्षेत्रफळ ६४ वरून ४९ वर आलं, आणि मिश्रणाचा थर जवळजवळ एक तृतीयांशाने जाड झाला. कडा ठरलेल्या वेळी होतील, मध्य होणार नाही. लक्षणांतली पहिली तऱ्हा निम्म्या वेळा इथेच सापडते.

धातूही बघा. फिकट ॲल्युमिनियमचा टिन सर्वांत सरळ वागतो. काळा नॉनस्टिक टिन रॉडची उष्णता पटकन शोषतो आणि कडा जाळतो. काचेचं भांडं उशिरा तापतं आणि तापलं की सोडत नाही. बाहेर काढल्यावरही ब्राउनी आत शिजतच राहते. काच वापरायचीच असेल तर तापमान १५ अंशांनी कमी ठेवा आणि थोडी आधी काढा. शिजणं थांबवायला म्हणून गरम काच ओल्या ओट्यावर मात्र टेकवू नका, तडकते. ॲल्युमिनियमचा टिन कोरड्या ग्रॅनाइटवर ठेवायला हरकत नाही, उलट त्याने शिजणं लवकर थांबतं.

आणि टिनच्या चारी बाजूंना इंचभर तरी मोकळी जागा हवी. १६-१८ लिटरच्या ओटीजीत ८ इंची टिन कोंबला की गरम हवेला फिरायला वाटच उरत नाही. तिथे ६ इंची टिन घ्या आणि कृती निम्मी करा.

प्रीहीट आणि जागा

ओटीजीचा दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला, असं आपण धरून चालतो. पहिल्यांदा दिवा विझतो तेव्हा फक्त हवा तापलेली असते. पत्रे आणि ट्रे थंडच असतात. दार उघडलं की ती हवा घराबाहेर आणि रॉड पुन्हा लाल. आता ब्राउनीच्या डोक्यावर लाल रॉडची थेट आच येते. वरून करपली, आत कच्ची, याचं साधं कारण हेच. दिवा दोन-तीनदा लागून विझू द्या, साधारण वीस-पंचवीस मिनिटं. टिन मधल्या खाचेत, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू. वरचा भाग तरीही लवकर काळवंडत असेल तर वीस मिनिटांनंतर वर फॉइल सैल टाका.

मायक्रोवेव्ह-कन्व्हेक्शनवाल्यांसाठी एवढंच: कॉम्बिनेशन मोड नको, निव्वळ कन्व्हेक्शन, खालची जाळी, आणि पंखा असल्यामुळे १० ते १५ अंश कमी.

बटणावर लिहिलेलं तापमान खरं आहे का?

इथवर सगळं ठीक असेल तर संशय थर्मोस्टॅटवर जातो, आणि माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा खरा निघतो. ओव्हन तापट असेल तर काय होतं बघा. कडेचं मिश्रण धातूला चिकटलेलं असतं, त्याला आच आधी लागते. मध्यापर्यंत ती हळूहळू पोहोचते. १७० ला ही दरी लहान राहते. २०० ला कडा शंभराजवळ जाऊन सुकतात तेव्हा मध्य अजून सत्तरीत असतो. तुम्ही काडी मधोमध घालता, ती ओली येते, तुम्ही थांबता, आणि मध्य तयार होईपर्यंत कडा गेलेल्या असतात. अशा ओव्हनमध्ये काढायची योग्य वेळ अशी कधी येतच नाही. नवशिकी स्वतःला दोष देते, मग कृती बदलते, मग चॉकलेट महागातलं आणते.

पैसे न घालता करायची चाचणी साखरेची. साखर साधारण १८६ अंशांना वितळते. फॉइलची छोटी वाटी करा, त्यात चमचाभर साखर, वर फॉइलचंच सैल झाकण, म्हणजे रॉडची आच थेट लागणार नाही. नीट प्रीहीट केलेल्या ओव्हनमध्ये १७५ वर पंधरा मिनिटं मधल्या खाचेत ठेवा. साखर कोरडी, दाणेदार राहिली पाहिजे. वितळून पाक झाला असेल तर ओव्हन सांगतोय त्यापेक्षा गरम आहे. मग बटण १९० वर नेऊन दुसरी वाटी ठेवा. आता ती वितळली पाहिजे. तरीही दाणे तसेच असतील तर ओव्हन थंड चालतोय. अंदाज ढोबळच आहे, पण दिशा कळते.

आकडा हवा असेल तर ओव्हन थर्मामीटर घ्या, जाळीवर उभा राहणारा. क्रॉफर्ड मार्केटच्या बेकरी सामानाच्या दुकानांत मिळतो, काही शे रुपयांत काम होतं. तो टिन ठेवता तिथेच, मधोमध ठेवा. दाराजवळ किंवा रॉडखाली नको. दार न उघडता काचेतून वाचा. एकच आकडा बघून घाबरू नका, कारण रॉड लागतो-विझतो तसा काटा वर-खाली होणारच. रॉड तीन-चार वेळा लागून विझेपर्यंत सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा लिहून घ्या आणि त्यांचा मध्य काढा. तो मध्य म्हणजे तुमच्या ओव्हनचं खरं तापमान.

भांडुपचा ओटीजी

माझ्या मावसबहिणीची गोष्ट यात नेमकी बसते. २८ लिटरचा ओटीजी, ८ इंची ॲल्युमिनियमचा टिन, कृती माझीच: १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ११५ ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम साखर, ३ अंडी, ७५ ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको, चिमूटभर मीठ. ती बटण १८० वर ठेवायची. चोवीस मिनिटांनी काडी ओली, म्हणून आणखी आठ मिनिटं, मग काडी कोरी. "ताई, तू सांगितलंस तेच केलं गं, मग तुझ्यासारखी का होत नाही?" तिने पाठवलेल्या तुकड्याची कड टेबलावर आपटली तर आवाज आला.

रविवारी थर्मामीटर पिशवीत टाकून गेले. आधी टिन मोजला, बरोबर होता. प्रीहीट ती दहा मिनिटं करायची, ते पंचवीस केलं. बटण १८० वर, आणि काटा १८८ ते २१४ मध्ये फिरत होता. मध्य जवळजवळ २००. म्हणजे वीस अंश तापट. बटण उतरवत उतरवत १५५ वर आणलं तेव्हा काटा १६० ते १८४ मध्ये खेळायला लागला, मध्य १७२. हेच हवं होतं.

मग त्याच मापाचं मिश्रण घातलं. वीस मिनिटांनी मधल्या काडीला तार सुटत होती. प्रोब थर्मामीटर घातला तर ७२. पंचविसाव्या मिनिटाला गंमत झाली. एक काडी पूर्ण ओली, तिच्यापासून इंचभरावरची दुसरी कणांची. बहीण म्हणाली, "राहू दे अजून पाच मिनिटं." ओली काडी चोळली तर बोटावर नुसतं तेलकट चॉकलेट, एका तुकड्यातून गेली होती. प्रोब ८१ दाखवत होता. सत्ताविसाव्या मिनिटाला ८५, टिन बाहेर. ओट्यावर दहा मिनिटांत तो आकडा आणखी तीन अंश चढला, म्हणून नव्वदची वाट कधीच बघायची नाही. संध्याकाळी फ्रीजमधून काढून कापली तेव्हा कडा आणि मध्य यांत फक्त वरच्या पापुद्र्याच्या जाडीचा फरक होता. तिच्या ओटीजीवर आता बटणाशेजारी चिकटपट्टी आहे: "१५५ = १७२".

प्रोब थर्मामीटर सगळ्यांनी घ्यायलाच हवा असं नाही. महिन्यातून एकदा ब्राउनी करणारीला काडी, धक्का आणि दुरुस्त केलेलं बटण पुरतं. ऑर्डरी घेत असाल तर घ्या, आणि टोक मधोमध, थराच्या निम्म्या खोलीवर ठेवा. तळाला टेकलं तर ते टिनचं तापमान सांगतं.

कुठे थांबायचं

ओव्हन रोज वीस अंश तापट असेल तर मेकॅनिक नको, चिकटपट्टी पुरे. पण आज वीस तापट, उद्या तीस थंड असं चालू असेल तर थर्मोस्टॅट गेलाय, आणि बटणाने तो सुधारणार नाही. रिकामा ओव्हन १८० वर अर्धा तास चालवूनही दिवा एकदाही विझला नाही आणि काटा २५० च्या पुढे चालला, तर लगेच बंद करून प्लग काढा. एकच रॉड लाल होत असेल तर आधी मोडचं बटण बघा, "फक्त खालचा" वर राहिलेलं असतं. तसं नसेल तर रॉड किंवा त्याची जोडणी गेलीय. या तिन्ही कामांसाठी सर्व्हिस सेंटरला फोन करा. मागचा पत्रा स्वतः उघडू नका. वॉरंटी जाते ते वेगळंच, आत उघड्या तारा असतात.

बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, प्लग हाताला चटका देण्याइतका तापला, पिन काळी पडली किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास आला, तर ब्राउनी अर्धी भाजलेली असली तरी मेन स्विच बंद. हे काम इलेक्ट्रिशियनचं. १५०० वॅटचा ओटीजी साडेसहा अँपिअर ओढतो; तो मिक्सरच्या ६ अँपिअरच्या पॉइंटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर चालवायचा नसतो. जुन्या चाळीतल्या आणि पन्नास वर्षांच्या बिल्डिंगींतल्या स्वयंपाकघरांत १६ अँपिअरचा पॉइंट अनेकदा फ्रीजने अडवलेला असतो. अर्थिंगसकट वेगळा पॉइंट काढून घ्या.

मेकॅनिक आला की "नीट भाजत नाही" एवढंच सांगू नका, तो ओव्हन लावेल, रॉड लाल झालेला बघेल आणि "चालू आहे की" म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन जाईल. वर-खालच्या आकड्यांचा कागद आणि थर्मामीटर त्याच्या हातात द्या, आणि त्याच्यासमोर ओव्हन अर्धा तास चालवायला लावा.